मावशींनी परत लावलेला दिवा

आमच्या दुकानात पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा बिस्किटांचा जुना डबा छातीशी धरून येतं. डब्यात आठ मिलिमीटर फिल्मची रिळं असतात, कुणाच्या तरी वडिलांनी किंवा काकांनी हौसेने घरच्या कॅमेऱ्यावर उतरवलेली. प्रोजेक्टर केव्हाच भंगारात गेलेला असतो, पण रिळं टाकवत नाहीत. ती आम्ही स्कॅन करतो, साफ करतो आणि उडालेला रंग जमेल तितका परत आणतो. स्कॅनिंग मालक स्वतः करतात, रंगाचं काम माझ्याकडे. आणि आमच्या दोघांच्या मधल्या खोलीत तेरा वर्षं मावशी बसायच्या.

मावशींचं काम सांगायला सोपं होतं. स्कॅन झालेल्या फिल्मवरची धूळ, ओरखडे आणि उजेडाची धडधड काढायची आणि साफ चित्र माझ्या हवाली करायचं. पण दुसऱ्या कुणाला ते तसं जमत नसे, हे मला कळायला दोन वर्षं लागली. आज मला माझ्या कामातलं जे काही येतं, त्यातलं निम्मं त्यांच्या खुर्चीमागे उभं राहून आलेलं आहे. म्हणून हे लिहितो आहे.

त्या एकोणिसाव्या वर्षी एका फोटो स्टुडिओत लागल्या. कागदावर फोटो छापताना निगेटिव्हवर धुळीचा कण असला की छापलेल्या फोटोत पांढरा ठिपका उमटतो. तो बारीक ब्रशने, पाण्यात विरघळवलेल्या रंगाने, आजूबाजूच्या छटेत मिसळून टाकायचा. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. लोकांचे गाल, कपाळं, कॉलर, सगळं निस्तरलं. मग स्टुडिओ बंद पडला. यजमान त्याआधीच गेलेले, मुलगी नोकरीनिमित्त लांब. पन्नाशीच्या मावशी एक दिवस आमच्या दुकानात येऊन उभ्या राहिल्या.

मालकांनी विचारलं, "कॉम्प्युटर येतो?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "पण ठिपका कुठला आणि तीळ कुठला, ते कळतं."

मालक अजूनही म्हणतात की त्या वाक्यावर त्यांनी नोकरी देऊन टाकली. माउसशी मावशींचं शेवटपर्यंत जमलं नाही. शेवटी मालकांनी त्यांना पाटी आणि पेन आणून दिलं, पाटीवर लिहिलं की पडद्यावर उमटणारं. ते त्यांनी ब्रशसारखं धरलं आणि आठवड्याभरात गाडी रुळावर आली.

मी दुकानात आलो तेव्हा तिशीचा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. पहिल्याच महिन्यात मावशी चार दिवस रजेवर होत्या. गिऱ्हाईक घाई करत होतं, म्हणून मी साफसफाई न करताच एका रिळाला रंग दिला. विटलेला रंग वर काढायचा म्हणजे गडद-फिकटातलं अंतर वाढवावं लागतं. रंग आला, पण त्याच्याबरोबर धूळही वर आली. एका आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर मिरपूड सांडल्यासारखं दिसायला लागलं. शिवाय दर फ्रेमचा उजेड वेगळा, त्यामुळे आजोबा एका क्षणात गोरे, दुसऱ्या क्षणात सावळे. मावशी परत आल्या, त्यांनी ते बघितलं आणि इतकंच म्हणाल्या, "रंगारी, भिंत घासल्याशिवाय हात मारलास होय रे?"

तेव्हापासून मी रंगारी झालो.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी उजेड. जुने घरगुती कॅमेरे चावीवर चालायचे. चावीची गती जराशी कमीजास्त झाली की एक फ्रेम उजळ, पुढची काळपट, आणि पडद्यावर चित्र धडधडतं. यालाच आम्ही फ्लिकर म्हणतो. तो आधी शांत करायचा, कारण धूळ शोधणारा प्रोग्राम मागची फ्रेम, पुढची फ्रेम आणि मधली फ्रेम ताडून बघतो. उजेडच नाचत असेल तर त्याला सगळीकडे फरकच फरक दिसतो. उजेड स्थिर झाला की धूळ. धुळीचा कण एकाच फ्रेमवर बसलेला असतो, मागेपुढे तो नसतो. म्हणून जे एकाच फ्रेममध्ये दिसतं ते प्रोग्राम धूळ समजतो आणि शेजारच्या फ्रेममधला स्वच्छ तुकडा तिथे बसवतो. सगळ्यात शेवटी ओरखडे. उभा ओरखडा मात्र फ्रेममागून फ्रेम त्याच जागी धावतो, त्यामुळे शेजारच्या फ्रेमकडूनही उसनं मिळत नाही. तो दोन्ही बाजूंच्या चित्रावरून हाताने भरायचा.

"मशीन हुशार आहे," मावशी म्हणायच्या, "पण त्याला कुणी कधी चेंडू फेकून मारलेला नाही." हवेतला चेंडू प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी असतो, आणि मशीनच्या लेखी तो धुळीचा कणच. एकदा टबात आंघोळ करणाऱ्या बाळाने उडवलेलं सगळं पाणी मशीनने गिळून टाकलं होतं. बाळ हात आपटतंय, खिदळतंय आणि पाणी जागच्या जागी. मावशींनी मूळ स्कॅन उघडून एकेक थेंब परत आणला.

आता त्या रिळाची गोष्ट.

साठीच्या एक बाई आल्या. त्यांच्याकडे डबा नव्हता, एकच रीळ होतं, चार मिनिटांचं. वडिलांनी काढलेल्या रिळांपैकी बाकी सगळी बुरशीने खाल्ली, एवढंच वाचलं असं म्हणाल्या. "आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. चौऱ्याऐंशीची आहे, पण आता तिला स्वच्छ दिसतं. तिला हे दाखवायचंय." पुढचं फारसं काही बोलल्या नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही.

रीळ गुलाबी पडलं होतं, पण आत माणसं जिवंत होती. अंगणात सायकल, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी, गवतावर कॅमेरा धरलेल्या वडिलांची लांब सावली. मग घरातला एक शॉट. खिडकीजवळ एक तरुण बाई विणत बसली आहे. दिवस ढगाळ असावा, खोलीत उजेड बेताचा. तिच्या समोरच्या बाजूला भिंतीवर एक उघडा, छोटा दिवा. तो लागतो, विझतो, लागतो, विझतो. बाई मान वर करते, खळखळून हसते, विणकाम बाजूला ठेवते आणि उठून जाते. बस्स, अकरा सेकंद.

मावशींनी मला हाक मारली. "रंगारी, हे बघ. कॅमेऱ्याची धडधड आहे ती आहेच, पण हा दिवा स्वतःच्याच मनाने काहीतरी करतोय."

"वायर सैल असेल," मी म्हणालो.

"सैल वायर अशी वागत नाही. ती कशीही तडतडते. हा थांबून थांबून लागतोय. त्यांना विचारूया का?"

"दिव्याचं काय विचारायचं मावशी? तो लागला की भिंत नारिंगी होते, माझा रंग बसत नाही. सपाट करून टाका. परवा द्यायचंय."

मावशींनी तो शॉट आणखी एकदा चालवून पाहिला. मग "बरं" म्हणाल्या. त्यांनी उजेड सारखा करायचं प्रमाण वाढवलं, तेही चित्राचा एकेक चौकोन धरून, त्यामुळे भिंतीवरची लाली गेली. दिव्याच्या काचेवर जो लख्ख ठिपका उरला, त्यावर शेजारच्या फ्रेममधला विझलेला दिवा बसवला. अतिशय सफाईदार काम होतं. मी खूश होऊन रंग केला. भिंत शांत, खोली शांत, बाई विणते, हसते, उठते.

ठरलेल्या दिवशी त्या बाई आईला घेऊन आल्या. आई बुटकीशी, ताठ, नवा चष्मा लावलेली. खुर्चीत बसल्या बसल्या तिने मुलीकडे वळून हात हलवले, मुलीनेही हातांनीच उत्तर दिलं. तेव्हा आम्हाला कळलं की आईंना ऐकू येत नाही. मुलगी म्हणाली, "जन्मापासूनच. मी तिच्याशी आधी हातांनी बोलायला शिकले, तोंडाने नंतर."

पडदा उजळला. मुका चित्रपट बघताना आपल्याला काहीतरी कमी वाटतं. आईंना काहीही कमी नव्हतं. सायकल दिसताच त्यांचे हात भरभर बोलायला लागले, नवऱ्याच्या सावलीवर त्या मान मागे टाकून हसल्या. मुलगी एका डोळ्याने पडदा बघत होती, एका डोळ्याने आईला. मग खोली आली. खिडकीजवळची बाई हसली आणि उठून गेली.

आई पुढे झुकल्या. त्यांनी मुलीला काहीतरी विचारलं. मुलगीही पडद्याकडेच बघत राहिली. आईंनी पुन्हा विचारलं, या वेळी हात मोठे करून.

मुलगी आमच्याकडे वळली. "आई विचारतेय, दिवा कुठे गेला?"

मी मावशींकडे पाहिलं.

"आमच्या घरात दाराच्या घंटीला आवाजाऐवजी दिवा जोडला होता," मुलगी म्हणाली. "बाहेरून बटण दाबलं की भिंतीवर दिवा लागायचा, म्हणजे आईला कळायचं कुणीतरी आलंय. बाबांनी स्वतः वायरी ओढल्या होत्या. त्या दिवशी ते आत कॅमेरा घेऊन उभे होते आणि बाहेर स्टुलावर चढून बटण दाबणारी मी होते. पाच वर्षांची. या रिळात मी तेवढीच आहे."

मी खाली बघत होतो. मावशी उठून उभ्या राहिल्या.

"दिवा मी काढला," त्या म्हणाल्या. "मला तो दोष वाटला. चूक माझी आहे. पण दिवा गेलेला नाही. मूळ स्कॅनला आम्ही कधीच हात लावत नाही, त्यात तो जसाच्या तसा आहे. मला दोन दिवस द्या."

मुलीने हे हातांनी आईंना सांगितलं. आईंनी मावशींकडे बराच वेळ पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. दोघी गेल्या.

मी मधल्या खोलीत गेलो. "मावशी, सपाट करा म्हणणारा मी होतो. माझं नाव का नाही घेतलंत?"

"हात माझा होता," पाटी पुसत त्या म्हणाल्या. "आणि नाव घ्यायचंच होतं तर तू तिथेच घ्यायचंस. तुला कुणी अडवलं होतं?"

मी खुर्ची ओढली आणि शेजारी बसलो. "अर्ध्या फ्रेम मला द्या."

"आधी बघ, मग हात लाव," त्या म्हणाल्या.

अडचण अशी होती की कॅमेऱ्याची धडधड घालवायची होती आणि दिव्याची उघडझाप ठेवायची होती. दोन्ही उजेडच. प्रोग्रामला दोन्हींत फरक कळत नाही. मावशींनी चित्र थांबवून खोलीचा कोपरा न् कोपरा पाहिला. मग खिडकीखालच्या फरशीच्या एका तुकड्यावर पेन टेकवलं. "इथे बाहेरचा उजेड पडतो. दिवा लागला तरी ही फरशी जागची हलत नाही. म्हणजे ही जेव्हा हलते, तेव्हा हलवणारा कॅमेरा."

त्यांनी प्रोग्रामला फक्त तेवढीच फरशी मोजायला सांगितली. प्रत्येक फ्रेममध्ये ती किती उजळ, किती काळपट, ते पाहून तेवढीच दुरुस्ती अख्ख्या फ्रेमला द्यायची. चालवून पाहिलं. खिडकी शांत झाली, खुर्ची शांत झाली, आणि भिंतीवर दिवा लागला, विझला, लागला. मी टाळी वाजवली. मावशी म्हणाल्या, "नाचू नकोस, धूळ तशीच आहे."

दिवा वाचवायचा म्हणजे त्या शॉटमध्ये प्रोग्रामवर सोपवता येणार नव्हतं. सेकंदाला सोळा फ्रेम, अकरा सेकंद, एकशे शहात्तर फ्रेम, सगळ्या हाताने. आम्ही वाटून घेतल्या. फिल्मवर बसलेली धूळ उजेड अडवते, म्हणून ती काळी दिसते. ती ओळखणं सोपं. भीती पांढऱ्या ठिपक्यांची होती. फिल्मचा रंगाचा थर खरवडला गेला की तिथून उजेड आरपार येतो आणि पांढरं टोचल्यासारखं दिसतं. एका फ्रेममध्ये दिव्याला लागूनच तसा एक ठिपका होता. तो दिव्याचा झोत की खरवड, मला ठरवता येईना.

मावशींनी पेनने बाईच्या केसांकडे दाखवलं. "दिवा लागला की हिच्या केसांवर आणि सुयांवर चमक येते. या फ्रेममध्ये आहे का चमक?"

"नाही."

"मग दिवा विझलेला आहे. हा ठिपका नुसताच पांढरा आहे, त्याचा उजेड कुणावर पडत नाही. काढ."

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी एकदम थांबल्या. कागदावर काहीतरी लिहीत होत्या. "हे बघ. पहिले तीन वेळा दिवा तीन-तीन फ्रेम लागतो. नंतरच्या दोन्ही वेळा नऊ-नऊ. पोरीने हे उगाच केलेलं नाही."

मी त्या बाईंना फोन लावला. काय विचारतोय ते सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "बाबा एकदाच, लांब दाबायचे. दूधवाला दोनदा. माझं होतं तीनदा पटपट आणि दोनदा सावकाश. आईला त्यावरून कळायचं की मीच आहे. ते खरंच दिसतंय तुम्हाला?"

"मोजून दिसतंय," मी म्हणालो.

मग मला त्या हसण्याचा अर्थ लागला. आमच्या साफसूफ केलेल्या चित्रात ती बाई अशीच कशालाशी हसली असं वाटत होतं. ती लेकीची खूण ओळखून हसली होती.

त्या शॉटचा रंग मी नव्याने केला. दिव्याचा पिवळसर नारिंगी उजेड यावेळी मी मारला नाही. फिल्मच्या गुलाबीपणातून तो वेगळा काढायला वेळ लागला, पण भिंत गरम झाली की बरं वाटायचं.

दोघी परत आल्या. या वेळी पडद्यावर खोली येताच आईंचा हात मुलीच्या मनगटावर गेला. दिवा लागला. तीनदा पटपट. मग सावकाश, दोनदा. पडद्यावरची तरुण आई आणि खुर्चीतली म्हातारी आई एकाच वेळी हसल्या. शेजारी मुलीचा अंगठा खुर्चीच्या हातावर नकळत दाबला जात होता. तिचे डोळे वाहत होते, आणि ती ते पुसतही नव्हती, कारण पुसायला गेलं तर पडदा चुकला असता.

आईंनी ते चार वेळा लावायला सांगितलं. चौथ्यांदा झाल्यावर मी उभा राहिलो. "गेल्या वेळी एक गोष्ट सांगायची राहिली. दिवा काढायला मावशींना मी सांगितलं होतं. त्या विचारूया म्हणत होत्या. मीच नको म्हणालो."

मुलीने ते आईंना सांगितलं. आई माझ्याकडे बघून हसल्या आणि हात हलवले. मुलगी म्हणाली, "आई म्हणतेय, तुझे डोळे अजून नवे आहेत, म्हणून घाईत असतात."

मग त्या मावशींकडे वळल्या. त्यांनी डाव्या तळहातावरून उजव्या हाताच्या दोन बोटांनी अलगद काहीतरी उचललं आणि हवेत सोडून दिलं. मुलीने समजावलं, "हे तुमचं नाव. आम्ही लोकांना खुणेचं नाव देतो, पण ते प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. आईने तुम्हाला दिलंय."

मावशींनी ती खूण करून पाहिली. पहिल्यांदा बोटं उलटी पडली. आईंनी त्यांचा हात धरून नीट बसवली. तीस वर्षं स्टुडिओत आणि वर आमच्याकडे, मावशींनी हजारो लोकांचे चेहरे साफ केले होते, पण स्वतःसाठी कुणी काही दिल्यावर इतक्या गोंधळलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "अगं बाई," एवढंच त्या दोनतीनदा म्हणाल्या.

त्यानंतर मालकांनी एक नियम केला. रीळ घेतानाच गिऱ्हाइकाला बसवायचं, चहा द्यायचा आणि विचारायचं: यात कोण आहे, कोण दिसत नाही, घर कसं होतं. अर्धा तास जातो. पण त्या अर्ध्या तासाने आम्हाला कितीतरी घोळांतून वाचवलंय.

मावशी पुढे तीन वर्षं होत्या. गेल्या वर्षी त्यांनी काम थांबवलं आणि आपल्या मुलीकडे राहायला गेल्या. सामान गाडीत ठेवताना फक्त म्हणालो, "मावशी, तुमच्यामुळे माझं काम काम झालं." त्या म्हणाल्या, "काम तुझंच होतं रे. मी जरा पुसून दिलं."

आता मधल्या खोलीत मीच बसतो, रंगही मीच करतो. अडलो की त्यांना पाचसहा फ्रेम फोनवर पाठवतो. मागच्या महिन्यात एका रिळात, जेवणाच्या टेबलावर एक काळा कण फ्रेमगणिक जागा बदलत होता. कधी ताटाच्या कडेला, कधी कुणाच्या बाहीवर. मशीन म्हणत होतं धूळ. मला खात्री नव्हती. मी पाठवून दिलं. संध्याकाळी मावशींचं उत्तर आलं.

"माशी आहे. जेवायला आलीय. राहू दे तिला."

मी राहू दिली.